कंपनीत मेंटॉरिंग सुरू करताय? आधी जोड्या कशा लावायच्या ते ठरवा

मागच्या व्हिडिओत मी मध्यम आकाराच्या कंपनीतल्या मेंटॉरिंगबद्दल बोललो होतो. पण बारा मिनिटांत जोड्यांचे नियम आणि ध्येयाचं कार्ड हे दोन्ही नीट बसत नाही. म्हणून ते सगळं इथं शांतपणे लिहून काढतोय. एक कागद आणि पेन घेऊन बसा, उदाहरण सोबत सोडवत जाऊ.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी एका कंपनीने मला हा कार्यक्रम बसवून द्यायला सांगितलं. मालक उत्साही, मीही उत्साही. आम्ही सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं, चिठ्ठ्या टाकल्या आणि दहा जोड्या जाहीर केल्या. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. तीन महिन्यांनी विचारलं तर दहापैकी दोनच जोड्या भेटत होत्या. एका मुलाला चिठ्ठीत त्याचाच साहेब आला होता. तो मला म्हणाला, "भाऊ, ज्याच्या हातात माझी पगारवाढ आहे त्याला मी माझी अडचण कशी सांगू?" वर्षअखेरीला त्याने नोकरी सोडली. त्याच्या जागी माणूस मिळाला, पण मशीनवरची त्याची समज गेली ती गेलीच. त्या मुलाच्या प्रश्नाला चिठ्ठीत उत्तर नव्हतं, ते नियमात असायला हवं होतं.

हा कार्यक्रम कोणासाठी आहे

इथे 'मध्यम' म्हणजे सरकारी व्याख्या नाही. सरकारी व्याख्या गुंतवणूक आणि उलाढालीवर चालते. १ एप्रिल २०२५ पासून मध्यम उद्योगाची मर्यादा १२५ कोटी गुंतवणूक आणि ५०० कोटी उलाढाल अशी आहे. मेंटॉरिंगसाठी मोजायची असतात माणसं. माझ्या मते साधारण ५० ते २५० लोकांची कंपनी यात येते. त्याहून लहान ठिकाणी मालक प्रत्येकाला रोज भेटतो. धामणगाव बढ्यातल्या माझ्या दुकानात तीन माणसं आहेत, तिथे मी असलं काही करत नाही, दुपारचा डबा सोबत खाल्ला की झालं. आणि कंपनी फार मोठी असली तर तिथे एचआरचं वेगळं खातं असतं. मधल्या कंपनीची अडचण अशी की मालक आता सगळ्यांना ओळखत नाही आणि एचआर म्हणजे हजेरी-पगार पाहणारा एकच माणूस असतो.

आणखी एक फरक आधीच स्पष्ट करू, कारण इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. ज्याला मशीन चालवायला शिकायचंय त्याला मेंटॉर नको, त्याला शिकवणारा हवा. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं कायद्याने बंधनकारक आहे. त्या अप्रेंटिसला ठरलेला अभ्यासक्रम लागतो, तो या कार्यक्रमात बसत नाही. मेंटॉर लागतो तो काम येत असलेल्या, पण नव्या जबाबदारीत अडखळणाऱ्या माणसाला. काल ऑपरेटर होता, आज सुपरवायझर झाला. काल बिलं भरत होती, आज महिन्याचा हिशेब तिच्याकडे आला. अशा माणसाला रीत सांगणारा नको असतो, विचार कसा करायचा ते दाखवणारा हवा असतो.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९९२ मध्ये सुरू झालेली भारतीय युवा शक्ती ट्रस्ट ही संस्था नव्या तरुण उद्योजकाला एक अनुभवी मेंटॉर जोडून देते. ब्रिटनमधल्या प्रिन्सेस ट्रस्टवरून ती प्रेरणा आली आणि पुण्यासारख्या ठिकाणी महाराष्ट्रातही तिचं काम आहे. त्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट: कर्ज देते बँक, मार्गदर्शन करतो मेंटॉर. पैसे देणारा आणि सल्ला देणारा वेगळा, म्हणून तरुण माणूस धंद्यातली खरी अडचण मेंटॉरसमोर मांडू शकतो. कंपनीच्या आतही आपल्याला हेच करायचंय. पगारवाढ ठरवणारा वेगळा आणि मेंटॉर वेगळा.

उदाहरण घेऊ: १४० लोकांची डाळ मिल

समजा, मलकापूर किंवा खामगावच्या एमआयडीसीत तुरीची एक डाळ मिल आहे. हमाल, ऑपरेटर, ऑफिस सगळे धरून १४० माणसं. गेल्या वर्षभरात सहा जणांना नवी जबाबदारी मिळाली: दोन पाळी सुपरवायझर, खरेदीतला एक मुलगा, अकाउंट्समधली एक ताई, डिस्पॅचचा एक मुलगा आणि लॅबमधली एक ताई. मेंटॉर होऊ शकतील असे पाच अनुभवी लोक आहेत: प्लांट इनचार्ज, खरेदी मॅनेजर, अकाउंट्स प्रमुख, विक्री मॅनेजर आणि लॅबच्या मॅडम. डिस्पॅच विक्रीच्या हाताखाली येतं. यातलं कोणी खरं नाही, पण अशी रचना तुम्ही पाहिली असेलच.

यात मालक मेंटॉरच्या यादीत नाही, हे लक्षात घ्या. मालकाच्या हातात सगळ्यांचीच पगारवाढ असते, म्हणून त्याने कोणाचाच मेंटॉर होऊ नये. मालकाचं काम दोनच गोष्टींचं: वेळ मंजूर करणं आणि आत काय बोललं गेलं ते न विचारणं. दुसरं पहिल्यापेक्षा अवघड असतं.

जोडीचे सहा नियम

पहिला नियम: मेंटॉर स्वतःचा साहेब नको, साहेबाचा साहेबही नको. कामाचा अहवाल ज्या रेषेत वर जातो त्या रेषेतलं कोणीही चालत नाही.

दुसरा नियम: नात्यातला नको. आपल्या भागात एकाच गावची, एकाच भावकीतली माणसं एका कंपनीत असतात, त्यात वाईट काही नाही. पण काका-पुतण्याची जोडी लावली तर ती चर्चा संध्याकाळी घरी पोचते, आणि इतरांना वाटतं की हा कार्यक्रम आपल्या माणसांना पुढे काढायला आहे.

तिसरा नियम: एका मेंटॉरकडे जास्तीत जास्त दोघं. जो सतत दौऱ्यावर असतो त्याच्याकडे एकच.

चौथा नियम: निवड दोघांनाही विचारून. ज्याला मेंटॉर हवाय (त्याला आपण मेंटी म्हणू) त्याने तीन नावं क्रमाने लिहायची. मेंटॉरने एवढंच लिहायचं की कोणाचा मेंटॉर होणं त्याला जमणार नाही. कारण लिहायची गरज नाही. हा नियम माझ्या मनाचा नाही. टॅमी ॲलन, लिलियन इबी आणि एलिझाबेथ लेंट्झ यांनी २००६ मध्ये कंपन्यांमधल्या मेंटॉरिंग कार्यक्रमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जोडी लावताना आपलंही मत घेतलं गेलं असं वाटणं आणि सुरुवातीला मिळालेलं प्रशिक्षण चांगलं असणं, या दोन गोष्टींचा कार्यक्रमाच्या परिणामाशी संबंध त्यात दिसला. चिठ्ठ्या टाकून मी नेमकी पहिलीच गोष्ट हिरावून घेतली होती.

पाचवा नियम: अदलाबदल टाळायची. तुझा माणूस माझ्याकडे आणि माझा माणूस तुझ्याकडे, अशी जोडी लागली की दोन्ही प्रमुख जेवताना एकमेकांना विचारणारच, "काय म्हणतो आमचा?" मग गुपित राहत नाही.

सहावा नियम: महिला मेंटीने महिला मेंटॉर मागितली तर ती पहिल्यांदा द्यायची, न मागितली तर आपण होऊन लादायची नाही. भेट कोणाचीही असो, ती कामाच्या वेळेत आणि काचेच्या केबिनमध्ये किंवा उघड्या जागी. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असावीच लागते. नसेल तर मेंटॉरिंग बाजूला ठेवून आधी ती करा.

आता जोड्या लावू

सहाही जणांनी नावं दिली ती अशी:

- पहिला सुपरवायझर: प्लांट इनचार्ज, लॅब मॅडम, खरेदी मॅनेजर
- दुसरा सुपरवायझर: प्लांट इनचार्ज, लॅब मॅडम, विक्री मॅनेजर
- खरेदीतला मुलगा: विक्री मॅनेजर, अकाउंट्स प्रमुख, प्लांट इनचार्ज
- अकाउंट्सची ताई: लॅब मॅडम (महिला मेंटॉर हवी असं लिहिलंय), खरेदी मॅनेजर, विक्री मॅनेजर
- डिस्पॅचचा मुलगा: प्लांट इनचार्ज, खरेदी मॅनेजर, अकाउंट्स प्रमुख
- लॅबची ताई: विक्री मॅनेजर, अकाउंट्स प्रमुख, प्लांट इनचार्ज

पायरी एक, नियमाबाहेरची नावं खोडा. दोन्ही सुपरवायझरचा साहेब प्लांट इनचार्ज आहे, म्हणून त्यांचं पहिलं नाव गेलं. हे नेहमी होतं. माणूस ज्याला मानतो त्याचंच नाव आधी लिहितो. डिस्पॅचचा मुलगा अकाउंट्स प्रमुखांचा पुतण्या निघाला, ते नाव खोडलं.

पायरी दोन, ज्याच्याकडे पर्याय कमी त्याला आधी बसवा. अकाउंट्सच्या ताईला महिला मेंटॉर हवी आहे आणि तशी एकच आहे, म्हणून ती लॅब मॅडमकडे. आता मॅडमकडे एकच जागा उरली आणि मागणारे सुपरवायझर दोन. विक्री मॅनेजर दौऱ्यावर असतात, त्यांच्याकडे एकच जागा आणि तिच्यावर आधीच दोघांचा पहिला पसंतीक्रम आहे. म्हणजे दुसऱ्या सुपरवायझरकडे मॅडमशिवाय भरवशाचा पर्याय नाही. पहिल्याकडे मात्र खरेदी मॅनेजर मोकळे आहेत. म्हणून दुसरा मॅडमकडे, पहिला खरेदी मॅनेजरकडे.

पायरी तीन, टक्कर सोडवा. विक्री मॅनेजर हवेत खरेदीतल्या मुलालाही आणि लॅबच्या ताईलाही. दोघांचं दुसरं नाव एकच आहे, अकाउंट्स प्रमुख. इथे पाचवा नियम कामाला येतो. अकाउंट्सची ताई लॅब मॅडमकडे गेलीच आहे. लॅबच्या ताईला अकाउंट्सकडे पाठवलं तर सरळ अदलाबदल होते. म्हणून लॅबची ताई विक्री मॅनेजरकडे आणि खरेदीतला मुलगा अकाउंट्स प्रमुखांकडे. डिस्पॅचचा मुलगा त्याच्या पहिल्या पसंतीच्या प्लांट इनचार्जकडे.

निकाल पाहा: तिघांना पहिली पसंती, दोघांना दुसरी, एकाला तिसरी. एकही अदलाबदल नाही, एकही साहेब नाही. ज्याला तिसरी मिळाली त्या पहिल्या सुपरवायझरला जाहीर करण्याआधी एकट्याला बोलवा आणि कारण सांगा: "तुझं पहिलं नाव तुझे साहेब होते म्हणून बसलं नाही. मॅडमकडे जागा दोनच होत्या." पाच मिनिटांचं काम आहे, पण हे न सांगता यादी बोर्डावर लावली की तो मनाने तिथेच बाहेर पडतो.

ध्येय: कार्डावर दोन ओळी

जोडी लागली, आता बोलायचं काय? ध्येय नसेल तर पहिल्या भेटीत ओळख होते, दुसऱ्या भेटीत चहा होतो आणि तिसरी भेट होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कार्डांवर सुरुवातीला 'व्यक्तिमत्त्व विकास', 'आत्मविश्वास वाढवणे' असलं लिहिलेलं असतं. ते सहा महिन्यांनी झालं की नाही हे कोणालाच सांगता येत नाही.

मी एका जोडीला दोनच ध्येयं लिहायला सांगतो. एक कामाचं, ज्यात आकडा आणि तारीख असते. एक सवयीचं, ज्यात आकडा नसला तरी झालं की नाही हे दुसऱ्याला दिसतं. दोन्ही ध्येयं मेंटीच्या स्वतःच्या हातातली हवीत. 'मिलचा उतारा वाढवणे' हे सुपरवायझरचं ध्येय होऊ शकत नाही, कारण उतारा मालावर, मशीनवर आणि हवामानावरही ठरतो.

पहिला सुपरवायझर आणि खरेदी मॅनेजर ही जोडी घेऊ. तुरीच्या मिलमध्ये १०० किलो तुरीतून साधारण ७० ते ७५ किलो डाळ निघते, बाकी चुनी आणि टरफल. कोणता माल किती उतारा देईल हे अनुभवी खरेदीदार मूठभर दाणे पाहून बरंचसं ओळखतो: दाण्याचा आकार, ओलावा, साल किती चिकटून आहे, किडका किती. सुपरवायझरला हे येत नाही, म्हणून माल अवघड निघाला की तो मशीनला दोष देतो आणि खरेदीवाल्यांशी भांडतो. मग कार्ड असं झालं:

कामाचं ध्येय: ३१ ऑक्टोबरपर्यंत, माल मशीनवर जाण्याआधी उताऱ्याचा अंदाज स्वतः लिहायचा. दहापैकी सात लॉटमध्ये अंदाज आणि प्रत्यक्ष यातला फरक एक टक्क्याच्या आत हवा.

सवयीचं ध्येय: पाळी संपल्यावर पुढच्या सुपरवायझरला मालाबद्दल तीन ओळी लिहून द्यायच्या, सप्टेंबरपासून एकही दिवस चुकवायचा नाही.

यात एक गोष्ट विसरू नका: सुरुवातीचा आकडा. जुलैमध्ये पहिल्या पाच लॉटचा अंदाज मेंटॉरच्या मदतीशिवाय लिहून घ्या. समजा पाचपैकी एकच बरोबर आला. तो 'पाचपैकी एक' कार्डावर लिहा. हा आकडा नसेल तर ऑक्टोबरमधले सात मोठे की लहान हे कसं कळणार?

आणि मेंटॉरने काय करायचं? उत्तर सांगायचं नाही. लॉट समोर ठेवून विचारायचं, "तू ७१ का लिहिलंस? काय पाहिलंस?" अंदाज चुकला की पुन्हा तोच दाणा हातात घ्यायचा आणि काय नजरेतून सुटलं ते शोधायचं. मेंटॉरच्या तीन तासांच्या प्रशिक्षणात मी निम्मा वेळ फक्त यावर घालवतो, कारण अनुभवी माणसाला गप्प बसणं सगळ्यात जड जातं.

कार्ड तयार झालं की एकदाच तिघांची पंधरा मिनिटांची बैठक घ्या: मेंटी, मेंटॉर आणि मेंटीचा साहेब. साहेबाने ध्येय वाचायचं, पटलं तर सही करायची. यानंतर साहेबाचा संबंध ध्येयाच्या निकालाशी. भेटीतल्या बोलण्याशी नाही. ही बैठक टाळली की साहेबाला वाटतं आपल्या माणसाला कोणीतरी परस्पर फिरवतंय, आणि मग भेटीच्याच वेळी नेमकं त्याला काम निघतं.

वेळापत्रक आणि खर्च

कार्यक्रम सहा महिन्यांचा ठेवा. तुरीच्या मिलला जुलै ते डिसेंबर बरा, कारण जानेवारीपासून नव्या तुरीची आवक सुरू झाली की कोणालाच वेळ नसतो. तुमचा हंगाम वेगळा असेल तर त्याप्रमाणे महिने बदला. पहिले दोन महिने पंधरा दिवसांतून एकदा, म्हणजे चार भेटी. पुढचे चार महिने महिन्यातून एकदा, आणखी चार. एकूण आठ भेटी, प्रत्येकी ४५ मिनिटं. सुपरवायझरची पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर भेट त्याच्या दिवसपाळीच्या आठवड्यात घ्या. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी थांबवून घेतलेली भेट म्हणजे शिक्षा असते.

आता हिशेब. आठ भेटी गुणिले ४५ मिनिटं म्हणजे एका जोडीचे सहा तास. सहा जोड्यांचे ३६, दोघांचा वेळ धरला तर ७२ तास. पाच मेंटॉरचं तीन तासांचं प्रशिक्षण म्हणजे १५, सहा मेंटींची एक तासाची ओळख म्हणजे ६. एकूण ९३ माणूस-तास, सहा महिन्यांत. मालकाला हा आकडा पहिल्याच दिवशी दाखवा. त्याने तो मान्य केला तर पुढे "काम सोडून गप्पा मारताय" असं म्हणायला जागा राहत नाही. मान्य नसेल तर तीन जोड्यांनी सुरू करा, पण भेटी कामाच्या वेळेबाहेर ढकलू नका.

हे सगळं पाहायला एक समन्वयक लागतो. हजेरी-पगार पाहणारा माणूसही चालेल. त्याच्याकडे फक्त भेटीच्या तारखांची वही असते. भेटीत काय झालं ते त्यात येत नाही. मेंटॉरने बाहेर बोलायचं ते तीनच बाबतीत: कोणाच्या जिवाला धोका, चोरी किंवा अफरातफर, आणि छळ. हे तीन अपवाद मेंटीला पहिल्या भेटीतच सांगायचे, नंतर सांगितले तर फसवल्यासारखं वाटतं.

बिघडलं हे कसं ओळखायचं

लागोपाठ दोन भेटी रद्द झाल्या की समन्वयकाने त्याच दिवशी दोघांना वेगवेगळा फोन करायचा. एक भेट दिवाळीमुळे हुकते, दोन भेटी हुकतात तेव्हा कारण दुसरं असतं.

दुसरी खूण बोलण्यात सापडते. मेंटी साहेबाला म्हणू लागला की "खरेदीच्या सरांनी सांगितलं म्हणून मी असं केलं", तर समजा मेंटॉर दुसरा साहेब झालाय. मेंटॉरला बाजूला घेऊन आठवण करून द्या: निर्णय मेंटीचा, जबाबदारी त्याच्या साहेबाची.

तिसरी खूण कार्डावर. तीन भेटी होऊन कार्डावर नवा आकडा नाही, म्हणजे भेटी चहापाण्यावर आल्यात. पुढची भेट केबिनमध्ये न घेता मालाच्या ढिगाजवळ, मशीनजवळ घ्या.

आणि काही जोड्या जमतच नाहीत. अमेरिकेत बेल रोझ रेगिन्स, जॉन कॉटन आणि जेनिस मिलर यांनी २००० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना मेंटॉरशी असलेलं नातं समाधानाचं वाटलं नाही, त्यांचा नोकरीकडे पाहण्याचा दृष्टिकोन मेंटॉर नसलेल्या लोकांसारखाच निघाला. म्हणजे न जमलेली जोडी नुसती चालू ठेवून हाती काही लागत नाही. यासाठी कारण न विचारता बदल हा नियम ठेवा: दुसऱ्या भेटीनंतर दोघांपैकी कोणीही समन्वयकाला "जमत नाही" एवढंच म्हणू शकतो. वहीत कारण लिहायचं नाही, पगारवाढीच्या वेळी त्याचा उल्लेख करायचा नाही. पहिल्या कार्यक्रमात हा नियम असता तर तो मुलगा माझ्याकडे तक्रार घेऊन आला नसता, नुसती जोडी बदलून घेतली असती.

शेवटी काय मोजायचं

डिसेंबरमध्ये तीन गोष्टी पाहा. ४८ पैकी किती भेटी झाल्या. बारा ध्येयांपैकी किती पूर्ण झाली. आणि सहाही जण पुढच्या जूनमध्ये कंपनीत आहेत का.

यातून टक्केवारी काढून भिंतीवर लावू नका. सहा माणसांत एकजण लग्नानंतर गाव सोडून गेला की आकडा एकदम पडतो, आणि त्यात मेंटॉरचा काहीच दोष नसतो. त्याऐवजी प्रत्येक अपुऱ्या ध्येयासमोर एक ओळ लिहा: ध्येय चुकीचं होतं, वेळ मिळाला नाही, की जोडी जमली नाही? ध्येयं चुकीची असतील तर पुढच्या वेळी तिघांच्या बैठकीला अर्धा तास द्या. वेळ मिळाला नसेल तर मालकाशी बोला. जोड्या जमल्या नसतील तर पसंतीच्या कागदाकडे परत जा.

एक मर्यादाही सांगून ठेवतो. कॅथी क्रॅम यांनी १९८३ मध्ये अशा नात्यांचे टप्पे मांडले, त्यात नुसता सुरुवातीचा टप्पाच सहा महिने ते वर्षभराचा निघाला होता. म्हणजे आपला सहा महिन्यांचा कार्यक्रम ओळख पक्की होईपर्यंतच पोचतो. डिसेंबरमध्ये कार्डं बंद करा, भेटींची सक्ती संपवा आणि पुढे भेटायचं की नाही हे त्या दोघांवर सोडा. फेब्रुवारीत आवकेच्या गर्दीत तो सुपरवायझर स्वतःहून मूठभर तूर घेऊन खरेदी मॅनेजरच्या टेबलाशी उभा दिसला, तर कार्यक्रम लागू पडला असं समजा.

पुढच्या व्हिडिओत मेंटॉरच्या तीन तासांच्या प्रशिक्षणात नेमकं काय घ्यायचं ते दाखवतो. तोपर्यंत एवढंच करा: तुमच्या कंपनीत गेल्या वर्षभरात नवी जबाबदारी मिळालेल्यांची नावं लिहा आणि प्रत्येकासमोर त्याचा साहेब कोण ते लिहा. कोणाचे दोन साहेब निघाले, तर मेंटॉरिंगच्या आधी तो घोळ मिटवा.